भूल दिल्यावर अणू कुठे जातात?

मागच्या वर्षी माझी एक छोटी शस्त्रक्रिया झाली. भूलतज्ज्ञांनी हाताला लावलेल्या सुईतून दुधासारखं पांढरं औषध सोडलं आणि म्हणाले, "शंभरपासून उलटे आकडे म्हणा." शहाण्णव म्हटल्याचं मला आठवतं. त्यानंतर एकदम कुणीतरी माझं नाव घेऊन हाका मारत होतं आणि घशाला कोरड पडली होती. मध्ये पाऊण तास गेला होता म्हणे. झोपेतून उठल्यावर थोडा वेळ गेला असावा एवढा अंदाज तरी असतो, इथे तोही नव्हता. शहाण्णव हा आकडा आणि माझं नाव, दोन्ही एकमेकांना चिकटून उभे होते.

त्या पाऊण तासात माझ्या मेंदूतले अणू जागच्या जागी होते. कार्बन कार्बनच होता, इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार तोच होता, पेशी जिवंत होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच अधूनमधून विजेचे ठोकेही देत होत्या. नव्हतो तो मी. मला वाटतं, जाणिवेबद्दलच्या कुठल्याही सिद्धान्ताला विचारायचा पहिला प्रश्न या प्रसंगात आहे. आणि गेल्या काही दशकांत तत्त्वज्ञांमध्ये पुन्हा मान मिळवलेल्या एका सिद्धान्ताची खरी अडचणही इथेच दिसते.

त्या सिद्धान्ताचं नाव पॅनसायकिझम. मराठीत सर्वचैतन्यवाद म्हणू. तो सांगतो की जाणीव ही मेंदूत अचानक उगवलेली वस्तू नाही. विश्वाच्या मूळ घटकांमध्येच, अगदी इलेक्ट्रॉनमध्येसुद्धा, अनुभवाचा काहीतरी अतिसूक्ष्म अंश आहे. याचा अर्थ खुर्ची विचार करते किंवा दगडाला दुखतं असा नाही. खुर्ची हा नुसता ढीग आहे, तिला एकसंध अनुभव असण्याचं कारण नाही, असं बहुतेक सर्वचैतन्यवादी स्वतःच सांगतात. त्यामुळे "मग काय, माझ्या चपलेलाही भावना आहेत का?" हा नेहमीचा टोमणा या मताला लागत नाही. त्याच्यावर टीका करायची तर ते नीट समजून घेऊन करावी लागते.

समजून घ्यायला गेलं की त्यामागचा विचार चांगलाच भक्कम निघतो. बर्ट्रंड रसेल यांनी 1927 साली मांडलेला मुद्दा असा: भौतिकशास्त्र आपल्याला वस्तू काय करते ते सांगतं, ती आतून काय आहे ते सांगत नाही. विद्युतभार म्हणजे काय, असं विचारा. उत्तर मिळतं की तो दुसऱ्या भाराला ओढतो किंवा ढकलतो, चुंबकीय क्षेत्रात अमुक प्रकारे वळतो. हे सगळं त्याचं वागणं झालं. असं वागणारं जे काही आहे ते स्वतः कसं आहे, ही जागा समीकरणांमध्ये रिकामीच राहते. आता साऱ्या विश्वात एकच गोष्ट अशी आहे की जी आपल्याला आतून ठाऊक आहे, आणि ती म्हणजे आपला अनुभव. मग ती रिकामी जागा अनुभवानेच भरलेली असेल तर? दोन कोडी एका फटक्यात सुटतात. पदार्थाला आतला गाभा मिळतो आणि जाणिवेला जगात घर मिळतं.

गेलन स्ट्रॉसन यांनी 2006 साली यावर आणखी धारदार युक्तिवाद केला. पाण्याचा एक रेणू ओला नसतो, तरी रेणूंच्या समूहातून ओलेपणा येतो. पण इथे रेणू एकमेकांवरून कसे घसरतात हे कळलं की ओलेपणा आपोआप कळतो, सांगायचं काही शिल्लक राहत नाही. जाणिवेचं तसं नाही. ज्यात अनुभवाचा लवलेश नाही अशा गोष्टींची कितीही गुंतागुंतीची मांडणी केली तरी त्यातून 'दुखतंय' हे का निघावं, याचा कुठलाच दुवा हाती लागत नाही. निघतं म्हणणं म्हणजे चमत्कार मानणं. चमत्कार नको असेल तर अनुभव आधीपासून, तळाशीच असला पाहिजे.

हा वाद आपल्याला नवा वाटायला नको. चार्वाक म्हणायचे की किण्वादी, म्हणजे मद्य आंबवायचे, पदार्थ एकत्र आले की जशी मदशक्ती, म्हणजे नशा आणण्याची ताकद, उत्पन्न होते तसं चार भूतांच्या मिश्रणातून चैतन्य उत्पन्न होतं. सांख्यसूत्रात याला उत्तर आहे. मदशक्ती मिश्रणात येते ती प्रत्येक घटकात अंशाने असते म्हणून. चैतन्य एकेकट्या भूतात दिसत नाही, म्हणून ते मिश्रणातही येणार नाही. सर्वचैतन्यवादी या उत्तराचा पहिला अर्धा भाग घेतो आणि दुसरा उलटवतो: चैतन्य एकेका घटकात दिसत नाही हे खरं, पण असतं.

मजा अशी की रसायनशास्त्राने तो पहिला अर्धा भाग खोटा ठरवला आहे. साखरेत मद्यार्क अंशानेही नसतो. यीस्ट ग्लुकोजच्या एका रेणूतून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बनवतं. आधी 6 कार्बन, 12 हायड्रोजन आणि 6 ऑक्सिजन होते, नंतरही तेवढेच. मांडणी बदलली आणि जे अंशाने कुठेच नव्हतं ते आलं. म्हणजे 'समूहात आहे म्हणून घटकांत असलंच पाहिजे' हा नियम सरसकट चालत नाही. स्ट्रॉसन यांनाही हे मान्य आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की इथे अणूंचा हिशेब शेवटपर्यंत लागतो आणि जाणिवेच्या बाबतीत तो लागत नाही. बरोबर आहे. ही कसोटी मीही स्वीकारतो. प्रश्न हा आहे की त्यांच्या स्वतःच्या सिद्धान्ताला ती लावली तर काय होतं.

इथे जुळणीचा प्रश्न येतो. इंग्रजीत त्याला 'कॉम्बिनेशन प्रॉब्लेम' म्हणतात. हे नाव विल्यम सीगर यांनी 1995 साली दिलं, पण प्रश्न विल्यम जेम्स यांनी 1890 मध्येच मांडून ठेवला होता, आणि तोही इतक्या साध्या रीतीने की नंतरच्या शंभर वर्षांतल्या कुणाला त्यापेक्षा चांगलं उदाहरण सुचलेलं मला दिसत नाही. बारा शब्दांचं एक वाक्य घ्या. बारा माणसांना त्यातला एकेक शब्द सांगा. त्यांना रांगेत उभं करा किंवा एका खोलीत कोंबा, आणि प्रत्येकाला आपापल्या शब्दाचा मन लावून विचार करू द्या. पूर्ण वाक्याची जाणीव कुठेच होणार नाही. बारा डोक्यांत बारा शब्द राहतील.

पण वस्तू तर एकत्र येतातच की, मग अनुभवांनीच काय घोडं मारलंय? यावर जेम्स यांचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. 'एकत्र येणं' हे नेहमी दुसऱ्या कशासाठी तरी असतं. वाळूचे कण मिळून ढिगारा होतो तो पाहणाऱ्याच्या नजरेत, किंवा त्याचं ओझं ज्या जमिनीवर पडतं तिच्यासाठी. कणांच्या जागी कणच असतात. अनुभवाचं अस्तित्व मात्र कुणा त्रयस्थासाठी नसतं, ते ज्याचं त्याच्यासाठी असतं. शंभर छोट्या अनुभवांना एकत्र पाहणारा कुणी हवा असेल तर तो एकशे एकावा अनुभव झाला. आणि त्या शंभरांमधून हा एकशे एकावा का निघावा, हे सांगायचं राहूनच गेलं.

हेच आणखी जवळून पाहू. पुढचं उदाहरण मूळ सॅम कोलमन यांच्या 2014 च्या युक्तिवादातलं आहे, मी ते जरा सोपं करून सांगतो. समजा दोन अतिसूक्ष्म अनुभव घेणारे आहेत. एकाला फक्त लाल दिसतं, त्याच्या साऱ्या जगात लालशिवाय काही नाही. दुसऱ्याला फक्त निळं. आता हे दोघे मिळून एक मोठा अनुभवकर्ता तयार झाला आणि त्याला लाल नि निळं शेजारी शेजारी दिसतंय. हे दोघे त्याच्यात आहेत का?

लालवाला त्याच्यात जसाच्या तसा असेल तर 'फक्त लाल' हा दृष्टिकोन मोठ्याच्या अनुभवात असायला हवा. पण मोठ्याला तर 'फक्त लाल' दिसत नाही, त्याला लालशेजारी निळंही दिसतं. यातला 'फक्त' हा शब्द महत्त्वाचा आहे. दृष्टिकोन हा त्यात काय दिसतं यावर जितका ठरतो तितकाच त्यात काय दिसत नाही यावरही ठरतो. दोन वगळणारे दृष्टिकोन एकावर एक ठेवून काहीच न वगळणारा तिसरा तयार होत नाही. लाल रंग आणि निळा रंग कदाचित एकत्र येतीलही. ज्यांना ते दिसतात ते दोघे जण एकत्र येत नाहीत. कोलमन यांनी यावरून छोट्या अनुभवकर्त्यांनाच निरोप दिला. तळाशी नुसते गुण आहेत, कुणीही न अनुभवलेले रंग आणि वेदना, असं त्यांचं म्हणणं. कुणालाच होत नसलेली वेदना म्हणजे काय, हे मला अजून समजलेलं नाही.

सर्वचैतन्यवाद्यांनी या प्रश्नावर बरंच काम केलं आहे. त्यांतल्या दोन उत्तरांशी मला थांबावंसं वाटतं, कारण दोन्ही एकाच खड्ड्यात जातात आणि तो खड्डा माझ्या त्या पाऊण तासात आहे.

पहिलं उत्तर विलयाचं. हेडा हॅसल मर्क यांनी त्याची चांगली बाजू मांडली आहे. छोटे अनुभवकर्ते मोठ्यात टिकून राहत नाहीत, ते विरून जातात आणि त्यांच्या जागी एक मोठा येतो. दोन थेंब मिळून एक थेंब व्हावा तसं. लाल आणि निळ्याची अडचण यात उरत नाही, कारण 'फक्त लाल' पाहणारा कुणी शिल्लकच नसतो. पण मग भूल दिल्यावर काय होतं? मोठा अनुभवकर्ता मावळतो, म्हणजे छोटे परत प्रकट होत असले पाहिजेत, आणि शुद्ध आली की पुन्हा विरून जात असले पाहिजेत. या सगळ्या उलथापालथीत माझ्या मेंदूतल्या इलेक्ट्रॉनचा विद्युतभार तिळमात्र बदललेला नसतो. आठवा, छोटा अनुभव हा त्या विद्युतभाराचाच आतला गाभा असणार होता. गाभा जातो, येतो, परत जातो, आणि भाराला त्याचा पत्ताही नाही? मग तो त्याचा गाभा कसा? विलयवादी म्हणू शकेल की गाभा नाहीसा झाला नाही, मोठ्या गाभ्याचा भाग झाला. पण ते म्हटलं की लालवाला परत दारात उभा राहतो.

दुसरं उत्तर बंधाचं. फिलिप गॉफ यांनी 2009 साली याच जुळणीच्या प्रश्नावरून सर्वचैतन्यवादावर कडक टीका केली होती, आणि पुढे ते स्वतःच त्याचे सर्वांत परिचित समर्थक झाले. (मत बदलण्याबद्दल मी त्यांना हसत नाही. उलट, प्रश्न माहीत असून त्यात शिरणारा माणूस मला जास्त विश्वासाचा वाटतो.) त्यांनी असं सुचवलं की अनुभवकर्त्यांना जोडून मोठा अनुभवकर्ता घडवणारं एक नातं निसर्गात असेल. ते नातं बाहेरून दिसत नाही आणि आत डोकावूनही दिसत नाही, म्हणून आपल्याला त्याची कल्पना करता येत नाही, एवढंच. हे अशक्य आहे असं मी म्हणत नाही. पण या नात्याबद्दल आपल्याला एकच गोष्ट सांगितली जाते, ती म्हणजे ते जुळणी करतं. झोप का येते, तर औषधात झोप आणणारी शक्ती आहे म्हणून, अशातला हा प्रकार झाला. आणि ते नातं अणूंमध्ये सदासर्वकाळ असेल तर भूल चढल्यावर माझी जुळणी सुटली कशी? सदासर्वकाळ नसेल, तर ते केव्हा असतं आणि केव्हा नसतं हे ठरवतं कोण?

हे मेंदूविज्ञानाला काही अंशी सांगता येतं, म्हणून तर मला हा मुद्दा बोचतो. मार्चेल्लो मासिमिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कवटीवर बाहेरून चुंबकीय ठोका द्यायचा आणि त्याचा प्रतिध्वनी मेंदूत किती दूर जातो ते विद्युत्-आलेखावर पाहायचं. जागेपणी तो दूरदूरच्या भागांत फिरत जातो. गाढ झोपेत सुरुवातीचा प्रतिसाद चांगला जोरकस येतो, पण जिथल्या तिथे विझतो. पुढे भुलेच्या काही औषधांखालीही असंच काहीसं चित्र दिसलं. पेशी मेलेल्या नसतात, त्यांच्यातला दूरचा संवाद तुटलेला असतो. म्हणजे माझं असणं आणि नसणं ज्यावर फिरलं ती गोष्ट मांडणी, संबंध, देवाणघेवाण यांच्या बाजूची आहे. सर्वचैतन्यवादाने ज्या घटकाची भर घातली तो शहाण्णवच्या आधी, पाऊण तासात आणि नंतर सारखाच होता. जो दोन्ही वेळा सारखा आहे त्याने फरकाचं स्पष्टीकरण होत नाही.

यावर कुणी विचारी सर्वचैतन्यवादी काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. तो म्हणेल, "फरक मांडणीने पडतो हे मीही म्हणतो. पण नुसत्या मांडणीने फक्त वागणं मिळतं. ती मांडणी अनुभवाच्या घटकांची असेल तरच अनुभव मिळेल. पीठ नसेल तर मळण्याने काय होणार?" आक्षेप रास्त आहे आणि त्याने माझी भौतिकवादी बाजूही उघडी पडते. प्रतिध्वनी दूर गेला की 'मी' का व्हावा, हे मासिमिनींच्या आलेखातून कळत नाही. तो दुवा माझ्याकडे नाही.

पण तो त्याच्याकडेही नाही, आणि माझा वाद इथेच आहे. स्ट्रॉसन यांचा नियम असा होता की ज्याचा हिशेब लागत नाही असा उद्भव मानायचा नाही. आता छोट्या अनुभवकर्त्यांपासून मोठा अनुभवकर्ता होतो, याचा हिशेब लागतो का? ग्लुकोजपासून इथेनॉल होतं तसा? सगळे छोटे अनुभव आणि त्यांची सगळी मांडणी मला सांगितली, तरी 'म्हणून इथे एक मोठा कुणीतरी असलाच पाहिजे' हे त्यातून निघत नाही. लाल आणि निळ्याच्या उदाहरणात तर उलटंच निघालं. म्हणजे इथेही उद्भव मानावा लागतो, आणि तो त्याच आंधळ्या जातीचा. मग तो एक पायरी आधीच, निर्जीव मांडणीतून जाणिवेकडे जाताना मानला तर काय बिघडलं? चमत्कार टाळण्यासाठी आपण कोट्यवधी अदृश्य अनुभवकर्ते पदरात घेतले, आणि चमत्कार वरच्या मजल्यावर आपली वाट पाहत बसलेलाच होता.

काही जण पायरीच उलटी लावतात. मूळ अनुभवकर्ता सगळं विश्व आहे आणि आपण त्याचे तुकडे आहोत, असं ते म्हणतात. गॉफ स्वतः 2017 च्या सुमारास या बाजूला झुकले. वेदान्ताच्या वळणाने वाढलेल्या कानांना हे ओळखीचं वाटेल आणि म्हणून पटकन पटेलही. पण लालवाल्याची अडचण दिशा बदलल्याने जात नाही. सगळं पाहणाऱ्याच्या आत 'फक्त एवढंच' पाहणारा मी कसा बसतो? अद्वैताने या प्रश्नाला निदान अविद्या असं नाव दिलं आणि ती अनिर्वचनीय आहे हेही सांगून टाकलं.

एका गोष्टीवर मात्र मी पुरता ठाम नाही. अनुभवकर्ते जुळत नाहीत असं जे आपल्याला इतकं उघड वाटतं, ते कितपत भरवशाचं? मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पट्ट्यात सुमारे 20 कोटी तंतू असतात. तीव्र अपस्माराच्या काही रुग्णांमध्ये तो पट्टा कापला जात असे. रॉजर स्पेरी आणि मायकेल गॅझानिगा यांनी अशा रुग्णांना पडद्याच्या एका बाजूला वस्तूचं चित्र क्षणभर दाखवलं. चित्र उजव्या अर्धगोलाकडे गेलं तर रुग्ण तोंडाने म्हणायचा, "काही दिसलं नाही." आणि त्याच वेळी त्याचा डावा हात पडद्यामागच्या वस्तू चाचपून नेमकी तीच उचलायचा. तिथे एक जण आहे की दोन, यावर अजून एकमत नाही. पण एकाचे दोन होऊ शकत असतील, तर तंतू पुन्हा जोडले असता दोघांचा एक होणं तत्त्वतः का अशक्य असावं? ल्यूक रोलॉफ्स यांनी 2019 च्या पुस्तकात साधारण याच दिशेने लिहिलं आहे. मनांच्या सीमा आपल्याला वाटतात तितक्या पक्क्या नाहीत आणि एक अनुभव दोघांचा सामाईक असू शकतो, असं ते म्हणतात. हे खरं असेल तर लाल आणि निळ्याचा युक्तिवाद मी समजतो त्यापेक्षा कच्चा आहे. तरीही पाहा, इथेसुद्धा जुळणं आणि सुटणं तंतूंवर ठरतं. तंतूंमधल्या इलेक्ट्रॉनला काय वाटतं, हे कुठे विचारावंच लागत नाही.

म्हणून सर्वचैतन्यवादाकडे माझी मागणी एकच आहे. ग्लुकोजसारखा हिशेब मांडून दाखवा. एवढे छोटे अनुभव, अमुक नातं, आणि त्यातून सक्तीने निघणारा एक 'मी'. तो तसा निघाला तर पाऊण तास तो का निघाला नव्हता, हेही त्याच हिशेबात आपोआप मिळेल. तोवर जुळणीचा प्रश्न हे या सिद्धान्ताचं उरलेलं किरकोळ काम आहे, असं त्याच्या समर्थकांनी म्हणू नये. सगळं कामच ते आहे.

जेम्स यांना हे कळलं होतं. अनुभव एकमेकांत मिसळतात असं पुढे त्यांनाही मानावंसं वाटू लागलं, आणि आपलाच 1890 चा युक्तिवाद वाटेत आडवा आला. वर्षानुवर्षं झगडूनही त्यातून सुटका होईना. शेवटी 1909 साली त्यांनी लिहून टाकलं की या प्रश्नावर आपण तर्कालाच कायमची सोडचिठ्ठी देत आहोत. जुळणी मान्य करायची तर काय मोजावं लागेल, हे त्यांनी लपवलं नाही. मला ते परवडत नाही.